"MOTOR OFF" हा मेसेज म्हणजे नोंद नव्हे



आज थोडं भांडायचं आहे. मोबाईल स्टार्टर विकणाऱ्यांशी, आणि तेवढंच आपल्याशीही.

रात्रपाळीचा आठवडा होता. आपल्याकडे शेतीपंपाची थ्री फेज लाइट आठवड्याआड फिरते, दिवसा ८ तास नाहीतर रात्री १०, हे तुम्हाला सांगायला नको. भेंडी फुलावर होती. बोअरवर ५ एचपीची सबमर्सिबल, पुढे फिल्टर, ड्रीप. लाइट आली की ऑटो स्टार्टर मोटर चालू करणार, मी घरी झोपणार, हा करार. सकाळी पाहतो तर वरचा तुकडा ओला आणि खालचा कोरडा ठणठणीत. मोबाईलवर दोन मेसेज: 22:03 ला MOTOR ON, 23:17 ला MOTOR OFF. बस.

आता सांगा, यातून काय कळलं? मोटर बंद झाली हे तर मला भेंडीनेच सांगितलं होतं. का बंद झाली, ते नाही.

मग मी तेच केलं जे तुम्ही सगळे करता. पॅनलवर लाल दिवा होता. तो कसला हे न वाचता आधी रिसेट दाबला. मोटर सुरू झाली, मी खूश. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. वायरमनला फोन केला, तो म्हणाला, "दादा, रात्रभर तिन्ही फेज होते." माझा विश्वास बसला नाही, त्याच्यावर तोंडसुख घेतलं. इलेक्ट्रिशियन आला, त्याने रिले बदलला, पैसे घेतले. तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. तीन रात्री, एक नवा रिले आणि वायरमनशी वाकडं, सगळं एका शब्दापायी. "का" लिहिलेलं नव्हतं.

दोष कुणाचा? विकणाऱ्याचा आहेच. तो दाखवतो काय, तर मोबाईलवर बटण दाबा, मोटर चालू-बंद करा. मोटर चालू करणं सोपं आहे हो. पण माणूस शेजारी नसताना चालणारं काम बिघडलं, तर सकाळी त्याचा पंचनामा कशावर करायचा, याचा विचार ते खोकं बनवताना कुणी केलेलाच नाही. आणि आपण घेताना विचारत नाही.

काही जण म्हणतील, मग सगळंच लिहून ठेवा, दर सेकंदाला. १० तासांच्या रात्रीच्या ३६,००० ओळी होतात. सकाळी चहा पिता पिता त्या कोण वाचणार? नोंद भरपूर असून उपयोग नाही. उलट बाजूने निघायला हवं. सकाळी बांधावर उभं राहिलं की संशयित किती? मोजून पाहा: लाइटच आली नाही किंवा गेली, एक फेज उडाला, बोअरचं पाणी तुटलं, फिल्टर चोंदला, पाइप फुटला, कुणीतरी हाताने किंवा मोबाईलवरून बंद केली, किंवा नोंद ठेवणारं खोकंच मेलं. सातच. यातला कोण, हे सांगेल तेवढंच लिहायचं. जी नोंद एकाही संशयिताला सोडवत नाही किंवा अडकवत नाही, ती नको.

हे सात ओळखायला तीन मोजमापं पुरतात: तिन्ही फेजचे व्होल्ट, तिन्ही फेजचे अँपिअर आणि फिल्टरच्या आधीचा दाब. आता जोड्या लावा. तिन्ही अँपिअर एकदम उतरले आणि दाबही उतरला, तर मोटर पाण्याविना फिरतेय, बोअर तुटला. अँपिअर उतरले पण दाब चढला, तर पाणी आहे, वाट नाही: फिल्टर चोंदला किंवा व्हॉल्व्ह बंद राहिला. दाब पडला पण अँपिअर तसेच राहिले किंवा थोडे वाढले, तर पाणी मोकळं धावतंय, कुठेतरी पाइप सुटलाय. एका फेजचा अँपिअर शून्य आणि बाकी दोन दीडपटीच्या वर, तर फेज उडाला.

या शेवटच्या ठिकाणी एक गंमत आहे, तिथे भले भले फसतात. फेज उडाल्यावरही मोटर फिरत असेल, तर ती स्वतःच त्या मेलेल्या फेजवर व्होल्ट तयार करते. मीटरवर तिन्ही आकडे जवळपास ठीक दिसतात. म्हणून नुसते व्होल्ट लिहिणारं खोकं तुम्हाला शपथेवर सांगेल की लाइट उत्तम होती, आणि सकाळी वाइंडिंग जळालेलं असेल. अँपिअर लिहिल्याशिवाय सुटका नाही.

मी शेवटी गावातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या पोराला धरून वेगळी नोंदपेटी बसवली. चौथ्या रात्रीची नोंद अशी आली:

```
22:03:10 START by=AUTO V=418,421,415 drylim=6.0
22:05:00 RUN  A=9.2,9.4,9.1 P=1.6
23:05:00 RUN  A=9.1,9.3,9.0 P=1.5
23:15:00 RUN  A=7.6,7.8,7.5 P=0.7
23:17:20 STOP why=DRY A=5.6,5.8,5.5 V=419,420,416 P=0.1
```

(मधल्या दर १० मिनिटांच्या ओळी इथे गाळल्या आहेत.)

वाचू या. `by=AUTO`, म्हणजे मोटर ऑटोने लावली, माणसाने नाही. बंद होताना व्होल्ट तिन्ही ठणठणीत, म्हणजे लाइट सुटली. अँपिअर तिन्ही सारखेच उतरले, म्हणजे फेजही सुटला. दाब चढला नाही, पडला, म्हणजे फिल्टर सुटला. पाइप फुटला असता तर अँपिअर टिकले असते, म्हणून पाइपही सुटला. उरला बोअर. ड्राय रनची मर्यादा ६ अँपिअर, मोटर त्याखाली गेली आणि रिलेने आपलं काम चोख केलं. मी बदलून टाकलेला जुना रिलेही चोखच होता. आणि वायरमन खरं बोलत होता. त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आलो.

त्या `drylim=6.0` कडे नीट बघा. दर वेळी सुरू होताना सेटिंग लिहून ठेवायची ती यासाठी. उद्या कुणी येऊन ती ८ वर नेऊन ठेवली, तर मोटर पाणी तुटायच्या आधीच सुटेल, कारण तरीही DRY असंच येईल, आणि तुम्ही बिचाऱ्या बोअरला दोष द्याल. सेटिंगशिवाय कारण म्हणजे तारखेशिवाय पावती.

त्या १० मिनिटांच्या ओळींवर बरेच जण हसले. "काही झालंच नाही, तर लिहायचं कशाला?" अहो, काही झालं नाही हेच तर लिहायचं. वही गप्प असली की दोन अर्थ निघतात: रात्र सुखाची गेली, किंवा वही लिहिणाराच झोपला. दर १० मिनिटांनी एक हजेरी पडली की ही शंका मिटते. हजेरी जिथे तुटली, तिथे पेटी मेली.

आणि पेटी मरू द्यायची नसेल तर तिला स्वतःची बॅटरी हवी. लाइट गेली हे जिने लिहायचं, तीच लाइटवर चालत असेल तर ती लिहिणार कशी? घड्याळालाही बॅटरी हवी, नाहीतर लाइट परत आल्यावर ते कुठल्याशा जुन्या तारखेपासून मोजायला लागतं आणि सगळा क्रम बिघडतो. नोंद पेटीतल्या कार्डावर आधी, मेसेज मागाहून. ओढ्याकाठच्या शेतात रात्री रेंज किती असते हे आपण जाणतो. जो मेसेज पोचला नाही, तो पुरावा नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीच विक्रेता ठरेन. नोंदीने सांगितलं की पाणी तुटलं. का तुटलं, ते तिने नाही सांगितलं. ते कळलं पुढच्या रात्रींच्या ओळी एकाखाली एक ठेवल्यावर: ७४ मिनिटं, मग ७१, मग ६६. मोटर बिघडती तर असा उतार लागला नसता, तेव्हा बोअरची पातळी खाली चाललीय हे उघड झालं. काळ्या दगडातला बोअर, भेगांतून पाणी भरायला वेळ घेतो. आता ५० मिनिटं चालवतो, दोन तास थांबतो, पुन्हा ५०. दोन्ही तुकडे ओले होतात. उन्हाळा चढला की हे आकडेही बदलावे लागतील, पण ते मला पीक सुकायच्या आधी कळेल.

आपल्या गावाची थोडी लाज वाटावी असंही एक सांगतो. आपल्या उशाशी ४०० केव्हीचं सबस्टेशन आहे, चंद्रपूरहून साडेसातशे किलोमीटर लांबून ५०० केव्हीची डीसी लाइन तिथे येते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची लाइट गेली, तेव्हा कळवा-पडघा लाइनचं नाव सगळ्यांनी ऐकलं. अशा मोठ्या ठिकाणी नोंद करणारी यंत्रं असतात, सगळी एकाच घड्याळाला बांधलेली. लाइन पडण्याच्या आधीचे आणि नंतरचे क्षण ती बारकाईने जपतात, बाकी वेळचा तपशील पुसत जातात. म्हणूनच कोण आधी पडलं, कोण मागाहून, हे नंतर ठरवता येतं. माझ्या पेटीतही तेच केलंय: शेवटची दोन मिनिटं दर सेकंदाला स्मरणात फिरत असतात, मोटर सुटली तरच कार्डावर उतरतात. तारांखालून आपण रोज जातो, पण त्यांची ही अक्कल आपल्या पॅनलपर्यंत आली नाही.

ज्याला पेटी परवडत नाही त्याच्यासाठी: पॅनलवर एक तास-मीटर, लाइनवर एक पाणी-मीटर. झोपताना दोन्ही आकडे वहीत, उठल्यावर पुन्हा. तास वाढले आणि पाणी त्या मानाने वाढलं नाही, तर बोअर नाहीतर फिल्टर. दोन्ही सारखे वाढले तरी शेत कोरडं, तर पाइप. तासच वाढले नाहीत, तर लाइट, फेज, हात किंवा ड्राय रनचा रिले असेल तर बोअर. सातांवरून दोन-चारांवर येता. आणि काहीही झालं तरी रिसेट दाबायच्या आधी पॅनलच्या दिव्यांचा फोटो काढा. रिसेट म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन टाकणं, आणि ती आपण स्वतःच्या हाताने धुतो.

सहायक कृषी अधिकारी, ड्रीपवाले, सल्लागार वाचत असतील तर त्यांना एवढंच: ऑटोमेशनचं कोटेशन देताना ही ओळ घाला, "मोटर बंद झाल्यास कारण, त्या क्षणाचे व्होल्ट, अँपिअर, दाब आणि सेटिंग लिहिलं जाईल, लाइट नसतानाही." ज्याला हे जमत नाही, त्याने मोबाईलवरचं बटण स्वतःजवळच ठेवावं. मोटर बंद झाल्याचं मला भेंडी सांगते.