टाकीत पाणी किती?

2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यामुळे दोन दिवसांच्या हॅकेथॉनमध्ये अख्ख्या शहराची पाणीयोजना मांडण्याचा मोह होतो. माझे मत वेगळे आहे. एकाच टाकीतली पातळी मोजा, पण ती नीट मोजा.

टाकीच्या झाकणाला आतून श्राव्यातीत ध्वनीचा संवेदक लावा. ध्वनी पाण्यावरून परतायला लागलेला वेळ तो देतो. त्या वेळेला ध्वनीच्या वेगाने गुणून निम्मे केले, की पाण्यापर्यंतचे अंतर मिळते.

चूक होते ती वेगात. बहुतेक जण वेग सेकंदाला 343 मीटर धरतात, पण तो 20 अंश सेल्सिअसच्या हवेतला. हवा 40 अंशांची झाली, की तो सुमारे 355 मीटर होतो. मग पाणी 100 सेंटिमीटर खाली असताना यंत्र 96.6 दाखवते. तळ एक चौरस मीटर असेल, तर टाकीत नसलेले 34 लिटर पाणी हिशेबात येते! हिवाळ्यात वर्गात बरोबर ठरलेले यंत्र मे महिन्यात गच्चीवर असे फसवते.

म्हणून शनिवारी संवेदकाशेजारी तापमापक जोडा आणि वेग तापमानानुसार काढा. रविवारी परीक्षकांसमोर पट्टी टाकीत सोडून आकडा पडताळा. उरलेली चूक लपवू नका, तीही फळ्यावर लिहा.