दिसलेली कुत्री आणि असलेली कुत्री

कुत्रा चावलेला माणूस आमच्या सरकारी रुग्णालयात आला की सुरुवातीची कामे ठरलेली असतात. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची, रेबीजची लस सुरू करायची आणि जखम खोल असेल तर जखमेत सीरमही द्यायचे. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण वाचत नाही, असेच धरून चालावे लागते. म्हणून खरा बचाव रुग्णालयाबाहेर, गल्लीतल्या कुत्र्यांच्या लसीकरणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गावातल्या किमान 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते.

पण 70 टक्के कशाचे? कळमेश्वरात कोणालाही विचारा, "आमच्या वॉर्डात पन्नासेक असतील," असे उत्तर मिळते. हा आकडा अंदाजाने सांगितलेला असतो आणि लसीच्या मात्रा त्यावरच मागवल्या जातात. माझे म्हणणे असे की हा आकडा नीट काढता येतो. मात्र तो काढताना कोणत्या बाजूला चूक होते हे माहीत नसेल, तर नीट काढलेला आकडाही फसवतो.

पद्धत जुनी आहे. डेन्मार्कच्या पीटरसनने 1896च्या सुमारास माशांसाठी आणि अमेरिकेत लिंकनने 1930 मध्ये बदकांसाठी हे गणित मांडले. पेंच-ताडोब्यातले वाघ कॅमेऱ्याने मोजतात, त्यामागेही हीच कल्पना आहे. फक्त तिथे रंगाची खूण करावी लागत नाही, पट्टेच ओळख देतात. समजा पहिल्या सकाळी ठरलेल्या गल्ल्या फिरून आपण 40 कुत्र्यांचे फोटो काढले. दुसऱ्या सकाळी त्याच वाटेने 50 दिसली आणि फोटो ताडून पाहिल्यावर त्यांतली 20 कालचीच निघाली. म्हणजे कालच्या 40 पैकी निम्मी आज पुन्हा दिसली. मग आज एकूण कुत्र्यांपैकीही निम्मीच दिसली असावीत. आज 50 दिसली, तर एकूण 100. चाळीस गुणिले पन्नास, भागिले वीस, एवढेच हे गणित.

मात्र ते खरे ठरायला चार गोष्टी जमाव्या लागतात. दोन मोजण्यांच्या मधल्या काळात कुत्री जन्मू, मरू किंवा गाव सोडू नयेत. म्हणून फेऱ्या लागोपाठच्या दिवशी घ्यायच्या, आणि त्यांच्या मध्ये आठवडी बाजाराचा दिवस येऊ द्यायचा नाही. दुसरे, खूण टिकली पाहिजे. वरच्या उदाहरणात ओळखीच्या 20 पैकी 5 कुत्र्यांचा रंग धुऊन गेला, तर जुनी 15च मोजली जातील आणि उत्तर 100 ऐवजी 133 येईल. तिसरे, पहिल्या भेटीने कुत्र्याची वागणूक बदलू नये. जाळ्यात एकदा सापडलेले कुत्रे दुसऱ्या दिवशी गाडी पाहताच पळते आणि आकडा फुगतो. फोटोने मोजले तर या दोन्ही अडचणी बऱ्याच कमी होतात.

चौथी अट सर्वांत अवघड आहे. प्रत्येक कुत्रे दिसण्याची शक्यता सारखी असावी लागते, आणि ती कधीच नसते. स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवरचे कुत्रे रोज दिसते. संत्र्याच्या बागेच्या कडेला किंवा एमआयडीसीच्या कंपाउंडमागे पिल्ले घेऊन बसलेली कुत्री क्वचितच दिसते. समजा गावात खरोखर 100 कुत्री आहेत. त्यांतली 50 धीट, कोणत्याही सकाळी दहापैकी आठ दिसणारी. उरलेली 50 बुजरी, दहापैकी दोनच दिसणारी. पहिल्या दिवशी धीटांतली 40 आणि बुजऱ्यांतली 10, अशी 50 दिसतील. दुसऱ्या दिवशीही 50. दोन्ही दिवस दिसणारी मात्र धीटांतली 32 आणि बुजऱ्यांतली 2, म्हणजे 34. सूत्र सांगेल 74. चौथा हिस्सा गायब झाला, तोही कोणाची काही चूक नसताना.

हे कागदावरचेच नाही. बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळ गावात हरीश तिवारी, अबी वनक आणि सहकाऱ्यांनी मोकाट कुत्री मोजून मोजणीच्या आठ पद्धती ताडून पाहिल्या. त्यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा फेऱ्यांत त्यांना 263 वेगवेगळी कुत्री दिसली आणि सातव्या फेरीत एकही नवे दिसले नाही. आपण तिथेच वही मिटली असती. सगळी कुत्री सारखीच दिसतात असे मानणाऱ्या पद्धतींनी 248 ते 270 असे आकडे दिले. म्हणजे काही पद्धतींचे उत्तर प्रत्यक्ष पाहिलेल्या कुत्र्यांपेक्षाही कमी होते! धीट-बुजरा हा फरक धरणाऱ्या पद्धतींचे अंदाज मात्र साधारण 385 ते 437 होते.

न दिसलेल्यांचा हिशेब कसा करतात? प्रत्येक कुत्रे किती वेळा दिसले याची नोंद ठेवून. बहुतेक कुत्री चार-पाच वेळा दिसली असतील, तर सुटलेली थोडीच असणार. पण एकदाच दिसलेली पुष्कळ असतील, तर एकदाही न दिसलेलीही पुष्कळ असणार. हा अंदाजच आहे आणि मानलेल्या गृहीतकाप्रमाणे तो बदलतो. पण चूक कोणत्या बाजूला आहे, हे तो सांगतो.

आता लसीकडे येऊ. 263 हा आकडा धरून 70 टक्क्यांसाठी 184 मात्रा मागवल्या आणि गावात खरी कुत्री 392 असली, तर लस पोहोचली फक्त 47 टक्क्यांपर्यंत. कागदावर मोहीम पूर्ण झालेली असेल, साखळी मात्र तुटलेली नसेल. पुढची गोम याहून वाईट आहे. मोहिमेनंतर रंग लावलेली किती दिसतात हे पाहून आपण यश मोजतो. पण लस टोचून घेणारे आणि सकाळी रस्त्यावर दिसणारे कुत्रे तेच असते, धीट. त्यामुळे दिसणाऱ्यांत लस घेतलेल्यांचे प्रमाण खऱ्यापेक्षा जास्त भरते. एकच चूक आपल्याला दोनदा खोटा दिलासा देते, आधी आकडा कमी दाखवून आणि नंतर यश जास्त दाखवून.

नगरपरिषदांकडून माझी मागणी मोठी नाही. मोहिमेआधी किमान दोन आणि जमल्यास चार लागोपाठ सकाळी मोबाइलवर फोटो काढून मोजणी करा आणि एकेक कुत्रे किती वेळा दिसले ते लिहा. एक आकडा जाहीर करू नका, "इतके ते इतके" असे सांगा आणि लस वरच्या टोकाप्रमाणे मागवा. नंतरची तपासणी वेगळ्या पथकाने, वेगळ्या वेळी करावी. घरोघरी आणि शेतावर विचारूनही पाहावे, कारण रस्त्यावर न दिसणारे कुत्रे अंगणात दिसू शकते.

आमच्याकडे येणारे मूल चावा घेणाऱ्या कुत्र्याची लस झाली होती का, हे सांगू शकत नाही. मोजणीतून सुटलेल्या कुत्र्यांतलेच ते एक असेल, तर ते लसीतूनही सुटलेलेच असणार.