कपाटात आजोबांचं शेअर सर्टिफिकेट सापडलं, आता पुढे काय?

मार्च २०२५ मध्ये चंदीगडच्या एकाला घरात रिलायन्सचे १९८८ चे शेअर सापडले. त्याची पोस्ट व्हायरल झाली आणि अनेकांनी आपापली कपाटं उघडली.

समजा, नागपुरात महालातल्या एका घरात आजोबांच्या नावाचं असंच सर्टिफिकेट निघालं. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करून विकता येत नाहीत. ते आधी डिमॅटमध्ये आणावे लागतात. ही डिजिटल नोंद एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे असते. आपलं खातं मात्र बँक किंवा ब्रोकरमार्फत उघडतं.

आधी शेअर आहेत कुठे, ते शोधा. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल, तर शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीत गेलेले असतात. iepf.gov.in वर नाव शोधा. तिथे सापडले तर वारसांना ‘आयईपीएफ-५’ फॉर्म भरून ते परत मागता येतात.

निधीत गेले नसतील, तर फोलिओ नंबर घेऊन कंपनीच्या रजिस्ट्रारकडे जा. मृत्यू दाखला आणि वारसाहक्काची कागदपत्रं लागतात. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असला की अर्ज अडकतो.

सर्टिफिकेट हरवलंय? तरी शेअर बुडत नाहीत, कारण मालकी कंपनीच्या नोंदवहीत असते. प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र द्यावं लागतं. रक्कम मोठी असेल तर पोलीस तक्रारही लागते. २०२२ पासून बदली सर्टिफिकेट मिळत नाही, शेअर डिमॅटमध्येच येतात.