सत्तर अक्षरांतली तारीख

साध्या फोनवर एका इंग्रजी संदेशात १६० अक्षरे मावतात, मराठीत फक्त ७०. शिवाय मराठीत काना, मात्रा, हलन्त आणि मोकळी जागाही वेगळी मोजली जाते. ‘रद्द’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, पण फोनला चार. मर्यादा ओलांडली की संदेशाचे ६७-६७ चे तुकडे होतात आणि काही जुन्या फोनवर ते सुटे दिसतात. जुनी तारीख पहिल्या तुकड्यात असेल, तर रुग्ण त्याच दिवशी येतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरच्या तपासणीचा दिवस बदलला, असे समजा. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ लिहिण्यातच एक तृतीयांश जागा संपेल. कारण रुग्णाच्या उपयोगाचेही नसते. त्यापेक्षा असे लिहावे:

मेहकर मधुमेह तपासणी आता गुरुवार 19 जून, सकाळी 9. उपाशी या. 12 जून रद्द

हे बरोबर ७० भरते. नवा दिवस आधी, आणि वारासह, कारण गावात तारखेपेक्षा वार लक्षात राहतो. ‘उपाशी या’ मात्र गाळू नये. चहा-पोळी खाऊन आलेल्याची उपाशीपोटीची साखर मोजता येत नाही. उरते ती साखरेची गोळी. उपाशीपोटी ती घेतली तर साखर घसरून चक्कर येऊ शकते. ती सूचना इथे कोंबू नये. आदल्या दिवशी स्वतंत्र संदेश पाठवावा: ‘उद्या साखरेची गोळी तपासणी व जेवण झाल्यावरच घ्या’.