पाळी बदलली, पण कारागिरास कळली काय?

आमच्या बाजारपेठेतील एका सलूनच्या आरशावर काही महिन्यांपूर्वी एक चिठ्ठी लागली होती. "उद्यापासून ड्युटी दोन शिफ्टमध्ये राहील. सुट्टी आळीपाळीने मिळेल. सर्वांनी नोंद घ्यावी." खाली मालकाची सही. दीड महिन्यात चारपैकी दोन कारागीर दुकान सोडून गेले. मालकाचे म्हणणे असे की, हल्ली पोरांना शिस्त नको. कारागिरांचे म्हणणे आम्ही नंतर ऐकले. कोण कोणत्या पाळीला येणार हे त्यांना रोज रात्री दुकान झाडताना कळत होते. त्यांपैकी एकाला सलग नऊ दिवस सुट्टी मिळाली नव्हती, आणि मालकाच्या वहीप्रमाणे मात्र त्याची प्रत्येक आठवड्याची सुट्टी चुकती झालेली होती!

आम्ही ती वही पाहिली. दोघेही खरे बोलत होते. खोट होती ती नोटिशीत.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे सोमवारी सलून बंद, म्हणजे सर्वांची सुट्टी एकच. 1948 च्या दुकाने अधिनियमाप्रमाणे दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे लागे. 2017 च्या महाराष्ट्र अधिनियमाने सातही दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. अट एवढीच की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग 24 तासांची विश्रांती मिळाली पाहिजे. त्या कायद्यात कामाची मर्यादा आठवड्याला 48 तास आहे, आणि सलग काही तासांनंतर निदान अर्ध्या तासाची सुट्टी. चार-पाच खुर्च्यांच्या छोट्या सलूनला यातील बरीच कलमे लागू होत नाहीत हे खरे. पण नोटीस लिहिताना हेच माप धरावे, कारण शेजारचे मोठे सलून ते देते आणि चांगला कारागीर तिकडेच जातो.

आता फिरती सुट्टी देण्याचे कारण काय, हे आधी समजून घ्यावे. आपले बहुतेक कारागीर टक्केवारीवर काम करतात. ज्या दिवशी खुर्ची रिकामी, त्या दिवशी कमाई नाही. आणि आठवड्याचे सर्व दिवस सारखे नसतात. अनेक हिंदू गिऱ्हाईक सोमवारी, गुरुवारी किंवा शनिवारी केस कापत नाहीत, त्यामुळे बुधवारी गर्दी होते. सोमवारी सुट्टी घेणाऱ्याचे फारसे बुडत नाही, बुधवारी घेणाऱ्याचे बुडते. एकालाच कायम बुधवार दिला तर तो अन्याय ठरतो. म्हणून सुट्टी फिरली पाहिजे.

परंतु ती कोणत्या दिशेने फिरवावी, इथे वरील मालक चुकले. चार कारागीर, आणि सुट्टीचे वार सोमवार ते गुरुवार. शुक्रवार, शनिवार, रविवार सर्वांनी हजर राहायचे. मालकांनी सुट्टी मागे सरकवली. गुरुवारवाला बुधवारी, बुधवारवाला मंगळवारी, आणि सोमवारवाला थेट गुरुवारी. म्हणजे सोमवारी सुट्टी घेतलेला माणूस मंगळवार ते रविवार सहा दिवस आणि पुढचे सोमवार, मंगळवार, बुधवार असे नऊ दिवस उभा राहिला. हीच सुट्टी पुढे सरकवली असती, सोमवारवाला मंगळवारी आणि गुरुवारवाला सोमवारी, तर जास्तीत जास्त सलग सात दिवस काम पडले असते, आणि गुरुवारवाल्याला तर तीनच. शिवाय वार दर आठवड्याला बदलण्याची गरज नाही. चार आठवडे एकच वार ठेवला तर माणसाला घरी सांगता येते आणि गिऱ्हाईकाच्याही लक्षात राहते.

पाळीच्या वेळांतही अशीच एक खोच आहे. रात्री साडेनऊला सुटलेल्याला सकाळी आठला बोलावले तर मध्ये साडेदहा तास राहतात, त्यातच जाणे-येणे आणि झोप. म्हणून सकाळची पाळी आदल्या दिवशी सुट्टी असलेल्याला द्यावी. तो ताजातवाना असतो.

हे सर्व धरून नोटीस कशी असावी, याचा नमुना देतो. खुर्चीच्या क्रमांकाऐवजी प्रत्यक्ष नावे लिहावीत.

"सोमवार, 1 जून 2026 ते रविवार, 20 सप्टेंबर 2026 पर्यंत दुकानाच्या वेळा पुढीलप्रमाणे राहतील.

सकाळची पाळी 8 ते 5. दुपारची पाळी 12.30 ते 9.30. दोन्ही पाळ्यांत एक तास जेवणाची सुट्टी. सकाळच्या पाळीला एक कारागीर, बाकीचे दुपारच्या. आदल्या दिवशी ज्याची सुट्टी होती तो सकाळी येईल. सोमवारी सकाळी मंगळवारच्या सुट्टीचा कारागीर येईल. शनिवारी सकाळी शुक्रवारी सकाळी आलेलाच येईल.

शुक्रवारी 12.45 ते 2 जुम्यासाठी दुकान बंद. त्या दिवशी दुपारची पाळी 2 ते 9.30, मध्ये अर्धा तास सुट्टी. रविवारी सर्वजण 8 ते 5, जेवण आळीपाळीने. 5 वाजता दुकान बंद.

साप्ताहिक सुट्टी 1 ते 28 जून : खुर्ची 1 सोमवार, खुर्ची 2 मंगळवार, खुर्ची 3 बुधवार, खुर्ची 4 गुरुवार. 29 जूनपासून दर चार आठवड्यांनी प्रत्येकाचा वार एकाने पुढे जाईल, गुरुवारनंतर सोमवार.

सुट्टीची अदलाबदल दोघांनी आदल्या दिवशी वहीत सही करून करावी. दुकानाच्या कामासाठी सुट्टी रद्द झाल्यास पंधरा दिवसांत बदली सुट्टी मिळेल. टक्केवारीत बदल नाही."

रविवारचे दुकान पाचला बंद करण्यावर काही मालक नाक मुरडतील. पण शनिवारी रात्री साडेनऊला सुटून रविवारी आठला येणे कारागिरावर जड जाते, ते टाळण्याचा मार्ग आम्हाला सापडला नाही. रविवारची गर्दी सकाळचीच. तेव्हा संध्याकाळ तरी त्याची असू द्यावी. लग्नकार्यही त्याच संध्याकाळी असतात.

मुदत लिहिणे आवश्यक आहे. सोळा आठवड्यांत चारही कारागिरांच्या वाट्याला चारही वार येतात, आणि तक्रारीला जागा राहत नाही. "पुढील आदेशापर्यंत" असे लिहिले की कारागीर त्याचा अर्थ "मालकाची लहर असेपर्यंत" असा घेतो. रमजानची नोटीस मात्र वेगळीच काढावी. इफ्तारची वेळ आणि तरावीहनंतरची गर्दी या वेळापत्रकात बसत नाही. बकरी ईदचेही तसेच. जिलहिज्जाचा चाँद दिसण्यापूर्वी कुर्बानी करणारे केस-नखे काढून घेतात, मग ईदपर्यंत त्यांच्यापैकी कोणी फिरकत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी नोटिशीत कोणी लिहीत नाही पण जिच्यावरून खुर्च्या रिकाम्या होतात. कारागिराला धास्ती असते ती बांधलेल्या गिऱ्हाईकाची. आपण सुट्टीवर असताना ते दुसऱ्या खुर्चीवर बसले आणि तिथेच रमले तर? सोमवारी सर्वच दुकान बंद असे, तेव्हा ही भीती नव्हती. यासाठी सुट्टीच्या वारांची यादी गिऱ्हाईकांना दिसेल अशीही लावावी, आणि दुसऱ्याच्या गिऱ्हाईकाचे काम केल्यास टक्केवारी काम करणाऱ्याची, पण पुढच्या खेपेस "तुमचे उस्ताद आज आहेत" असे सांगणे बंधनकारक, हे सर्वांसमोर ठरवून घ्यावे.

नोटीस निदान आठ दिवस आधी लावावी. आपले बरेच कारागीर उत्तर प्रदेशातून आलेले असतात, त्यांना मराठी वाचता येत नाही. हिंदीत किंवा उर्दूत दुसरी प्रत लावावी, एकदा सर्वांना बसवून मोठ्याने वाचावी आणि खाली प्रत्येकाची सही घ्यावी. उधारीचा व्यवहार लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहून ठेवावा, हा सूरह बकराचा आदेश आपण उधारीच्या वहीपुरता पाळतो. मजुराच्या वेळेचा व्यवहार मात्र तोंडी राहतो. सही घेताना एखादा कारागीर अडला आणि म्हणाला की मला बुधवार परवडत नाही, तर त्याच वेळी ऐकून घ्यावे. 1 जूनला अजून आठ दिवस असतील, आणि यादीतील दोन नावे खालीवर करायला एक पेन पुरते.