क्रिएटिनची भुकटी आणि युरिक अ‍ॅसिडचा रोगी

सिंधीपुऱ्यातील काही तरुण व प्रौढ मंडळी हल्ली व्यायामशाळेत जाऊ लागली असून, तेथे क्रिएटिनच्या डब्याची शिफारस होते. ज्यांना पूर्वी गाऊटचा, म्हणजे वातरक्ताचा त्रास झाला आहे, ते आम्हांस विचारतात, 'ही भुकटी आम्हांला चालेल का?'

प्रथम एक गैरसमज दूर करू. युरिक अ‍ॅसिड प्युरीन नामक द्रव्यापासून होते. क्रिएटिन प्युरीन नव्हे. ते मांस व मासळीतून मिळते, शरीरही ते घडविते, आणि स्नायू त्याचा साठा करतात. म्हणून भुकटी घेतली की युरिक अ‍ॅसिड वाढलेच, असे म्हणता येत नाही. मग डॉक्टरांस का विचारावे? कारण खरा प्रश्न मूत्रपिंडाचा आहे.

क्रिएटिन झिजून त्याचे क्रिएटिनिन होते व ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. रक्तातील क्रिएटिनिनवरूनच डॉक्टर मूत्रपिंडाची शक्ती अजमावतात. समजा, बेचाळीस वर्षांच्या एका पुरुषाचे क्रिएटिनिन १.० आहे, त्यावरून मूत्रपिंडाची गाळणशक्ती सुमारे ९६ निघते. भुकटी सुरू केल्यावर क्रिएटिनिन १.३ झाले, तर तोच हिशेब ७० वर उतरतो. मूत्रपिंड कदाचित पूर्ववत असेल, केवळ आकडा फसवीत असेल. पण कदाचित ते खरोखरच दुबळे होत असेल. एवढ्या एका आकड्यावरून हा भेद कळत नाही.

गाऊटच्या रोग्याला हा घोटाळा महागात पडतो. अ‍ॅलोप्युरिनॉल व कोल्चिसीन या औषधांचे प्रमाण मूत्रपिंड पाहूनच ठरते, आणि काही वेदनाशामक गोळ्या दुबळ्या मूत्रपिंडास घातक ठरतात. शिवाय अशा रोग्यांत मूत्रपिंडाचे दुखणे पुष्कळदा आधीच दबा धरून असते.

म्हणून डबा उघडण्यापूर्वीच क्रिएटिनिन, युरिक अ‍ॅसिड व लघवी तपासून घ्यावी आणि डॉक्टरांना डबा दाखवावा. कित्येक डब्यांत इतर द्रव्येही मिसळलेली असतात. पुढे क्रिएटिनिन वाढलेले दिसले, तर भुकटी केव्हापासून व किती घेतो ते सांगावे. शंका राहिल्यास सिस्टॅटिन-सी ही चाचणी उपयोगी पडते, कारण क्रिएटिनचा तिच्यावर परिणाम होत नाही. मूत्रपिंडाचा विकार आधीच असेल, तर डॉक्टरांच्या अनुमतीवाचून भुकटीला हात लावू नये.

डॉक्टरांनी होकार दिला, तर दिवसाला तीन ते पाच ग्रॅम पुरतात. आरंभी वीस ग्रॅम घेण्याचा व्यायामशाळेतील सल्ला मानू नये. तापीकाठच्या उन्हाळ्यात घाम गाळून पाणी कमी प्यालात, तर तहानलेले शरीरच युरिक अ‍ॅसिड वाढविते. रात्री पायाचा अंगठा अचानक लाल, गरम होऊन सुजला व चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर भुकटी थांबवून डॉक्टरांकडे जावे. युरिक अ‍ॅसिडचे नेहमीचे औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.