भाला प्रिंटरवर मोडत नाही, स्केलच्या चौकटीत मोडतो

दिवाळी जवळ आली की कॉलेजच्या लॅबमधला थ्रीडी प्रिंटर अचानक सगळ्यांचा लाडका होतो. कुणाला किल्ल्यासाठी तोफ हवी असते, कुणाला बुरुज, आणि बहुतेकांना हातात भाला घेतलेला मावळा. मॉडेल फुकट मिळतं, डाउनलोड दोन मिनिटांचं काम. मग रात्रभर प्रिंट चालते, सकाळी बेडवरून मावळा काढायला जावं तर भाला वेगळा आणि मावळा वेगळा! लगेच चौकशी सुरू. प्रिंटर जुना झालाय, फिलामेंटने ओल धरलीय, काल कुणीतरी सेटिंगला हात लावला होता.

माझं म्हणणं असं की बिचाऱ्या प्रिंटरला यातून बहुतेक वेळा निर्दोष सोडायला हवं. भाला मोडतो तो तुम्ही स्लायसरमध्ये स्केलच्या चौकटीत ४० टाइप करता तेव्हा. पुढची रात्रभराची प्रिंट म्हणजे फक्त त्याची अंमलबजावणी.

एक मावळा घेऊन हिशेब करूया. समजा डाउनलोड केलेलं मॉडेल १५० मिमी उंच आहे. भाल्याची जाडी २ मिमी, ढालीची कड १.५ मिमी, भाल्याच्या टोकाला फडकणारा झेंडा ०.७५ मिमी. ज्याने हे बनवलं त्याच्याकडे कदाचित रेझिनचा प्रिंटर असेल, जो केसाएवढे बारकावेही काढतो, आणि त्याच्याकडे हे सगळं सुरेख निघालंही असेल. तुमचा किल्ला मात्र गॅलरीतला, त्यामुळे मावळा हवा ६० मिमीचा. म्हणून स्केल ४० टक्के. इथे आपण उंचीचा विचार करतो, पण स्केल उंचीपुरतं थांबत नाही. भाला ०.८ मिमीचा होतो, ढालीची कड ०.६ची आणि झेंडा ०.३ मिमीचा.

लॅबमधल्या प्रिंटरच्या नोझलचं भोक साधारण ०.४ मिमीचं असतं आणि त्यातून पडणारी प्लास्टिकची रेघ ०.४५ मिमीच्या आसपास रुंद. म्हणजे तुमचा झेंडा एका रेघेपेक्षाही बारीक झाला. जाड मार्करने वहीच्या चौकोनात बारीक अक्षरं लिहायला सांगावं, तसं आपण प्रिंटरला सांगतोय.

आता स्लायसर काय करतो ते बघा, कारण खरी फसगत तिथे होते. भिंती काढायची जुनी 'Classic' पद्धत निवडलेली असेल तर एका रेघेत न मावणारा झेंडा तो सरळ गाळून टाकतो. प्रिव्ह्यूमध्ये झेंडाच दिसत नाही, निदान कळतं तरी. 'Arachne' निवडलेलं असेल तर तो झेंडा गाळत नाही, किंचित फुगवून एकेरी रेघेत बसवतो. प्रिव्ह्यूत झेंडा झोकात फडकताना दिसतो आणि आपण निश्चिंत होतो. त्या प्रिव्ह्यूचा अर्थ एवढाच की झेंडा प्रिंट होईल. तो टिकेल का, या प्रश्नाचं उत्तर तिथे नसतं. एकेरी रेघेचा झेंडा सपोर्ट काढताना बोट लागलं तरी जातो. 'Detect thin walls'वर टिक करा म्हणजे झालं, असं सांगणारे सीनियर प्रत्येक लॅबमध्ये भेटतात. ती टिक झेंडा दाखवते, त्याला बळ देत नाही.

दुसरा हमखास सल्ला म्हणजे 'इन्फिल शंभर टक्के कर'. ०.८ मिमीच्या भाल्याला आत पोकळी असती तर ती भरली असती ना! इथे दोन्ही बाजूंच्या भिंतीच एकमेकींना भिडलेल्या आहेत. वाढवलेलं इन्फिल सगळं मावळ्याच्या पोटात जातं. मावळा जड होतो, प्रिंटला वेळ जास्त लागतो, भाला होता तसाच राहतो.

मग करायचं काय? स्लाइस करण्याआधी जाडी मोजायची आणि नाजूक भाग मॉडेलमध्येच जाड करायचे. क्रम मात्र पाळा: आधी हव्या त्या मापाचं स्केल, मग मोजणी, मग जाडी वाढवणं. उलट केलंत तर कष्टाने जाड केलेला भाला पुन्हा ४० टक्क्यांवर येईल.

मोजायला ब्लेंडर वापरा, फुकट आहे. त्यात '3D Print Toolbox' नावाचं एक्स्टेन्शन घालून घ्या. आता एक खाच सांगते, जिथे भलेभले अडकतात. एसटीएल फाइलमध्ये एककच नसतं. तिला ६० म्हणजे नुसते साठ, मिमी की मीटर हे तिला ठाऊक नाही. ब्लेंडर ते मीटर समजतो. मग तुमचा मावळा साठ मीटरचा होतो, भाला एखाद्या खांबाएवढा, आणि १ मिमीपेक्षा पातळ काय आहे असं विचारल्यावर टूल उत्तर देतं: 'Thin Faces: 0'. या शून्यावर खूश होऊन लोक फाइल पाठवून देतात. त्यामुळे फाइल आत घेतानाच 'Scale' 0.001 ठेवा. मग मावळा ४० टक्क्यांवर आणा, Ctrl+A दाबून 'Scale' निवडा म्हणजे नवं माप पक्कं होईल, आणि N दाबून बाजूच्या पट्टीत उंची 0.06 m दिसतेय ना ते बघा. दिसली की मगच पुढे.

आता टूलमध्ये 'Thickness'समोर 1 mm ठेवून तपासणी चालवा. आकडा मोठा येईल, घाबरू नका. हे टूल प्रत्येक पृष्ठभागावरच्या काही बिंदूंवरून आत सरळ रेषा सोडतं आणि समोरची भिंत किती अंतरावर लागते ते बघतं. त्यामुळे नाकाचं टोक, मिशीची कड, फेट्याची चुणी, जे जे निमुळतं ते सगळं त्याला पातळ वाटतं. मिशी मोडत नाही, तिला मागून चेहऱ्याचा आधार आहे. Edit Mode मध्ये जाऊन निकालावर क्लिक केलं की ते भाग निवडले जातात; मॉडेल फिरवून बघा आणि प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारा: हा एकटा उभा आहे का? आपल्या मावळ्यात तसे तीनच निघतात, भाला, झेंडा आणि ढालीची कड.

भाला निवडा. तो वेगळा तुकडा असेल तर त्यावर कर्सर नेऊन L दाबलं की पुरे. मग Alt+S दाबून 0.0004 टाइप करा. प्रत्येक बाजू ०.४ मिमी बाहेर सरकते, म्हणजे भाला ०.८चा १.६ मिमीचा होतो. दिसायला दुप्पट, पण वाकवून मोडायला लागणारा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे आठपट. झेंड्याला तसंच 0.0003 द्या, तो ०.९ मिमीचा होऊन त्यात दोन रेघा बसतील. ढालीच्या कडेलाही तेवढंच द्या, ती १.२वर जाईल. झालं की फाइल बाहेर काढताना 'Scale' 1000 ठेवायला विसरू नका, नाहीतर स्लायसरमध्ये मावळा मुंगीहून लहान दिसेल.

भाला, हात आणि अंगरखा असं सगळं एकाच जाळीत वितळलेलं असेल तर L दाबून उपयोग नाही, सगळा मावळाच निवडला जातो. अशा वेळी मला तरी ब्लेंडरशी कुस्ती खेळण्यात अर्थ वाटत नाही. प्रुसास्लायसर किंवा ऑर्कामध्ये मॉडेलवर राइट क्लिक करून 'Add part'मधून सिलिंडर घ्या, त्याची जाडी १.६ मिमी करा आणि जुन्या भाल्यावरच बसवा. स्लायसर दोन्ही एकजीव धरतो. पाच मिनिटांचं काम आहे.

तरीही उभा प्रिंट केलेला भाला मुळातच कमकुवत, हे लक्षात असू द्या. तो थरावर थर चढून बनतो आणि थरांमधला जोड सगळ्यात आधी सुटतो. सुईसारख्या टोकावर तर एक थर पुरता थंड व्हायच्या आत नोझल दुसरा टाकत असतं, मग तिथे गोळा होतो. उभ्या बारीक दांड्यासाठी डिझाइनच्या तक्त्यांमध्ये ३ मिमीसुद्धा सुचवलेले सापडतात. ६० मिमीच्या मावळ्याच्या हातात ३ मिमीचा भाला म्हणजे मुसळच! तेवढं करू नका. त्यापेक्षा भाल्याची मोकळी लांबी कमी करा. खालचं टोक पायाखालच्या चकतीत रुतवा, मधे खांद्याला टेकवा. आधार जवळ आला की तीच १.६ मिमीची जाडी पुरते. बाजारात मिळणारे साच्यातले मातीचे मावळे हातात घेऊन बघा, हात आणि ढाल अंगाला चिकटवलेले असतात. त्यांच्या मापाने आपण फार फाजील लाड करतो, हात लांब पसरलेला, भाला हवेत, झेंडा वाऱ्यावर.

यावर 'मूळ कलाकाराचं डिझाइन का बिघडवायचं?' असा आक्षेप ऐकू येतो. मला तो पटत नाही. त्याचं डिझाइन १५० मिमीचं होतं. ६० वर आणून ते बदललंय आपणच, आता त्याची किंमतही आपणच चुकवायची. हो, सुधारलेली फाइल पुन्हा वेबसाइटवर टाकायची असेल तर परवाना वाचा. त्यात 'ND' लिहिलं असेल तर बदललेली फाइल स्वतःपुरती ठेवा, वाटू नका.

लॅबचं म्हणाल तर एक साधा नियम हवा: रांगेत फाइल लावताना नावासोबत छापायचं माप आणि त्या मापातल्या सगळ्यात पातळ सुट्या भागाची जाडी लिहायची. एवढंच. ज्याला ती लिहिता येत नाही त्याने मोजलेलीच नाही, त्याची फाइल मागे. यात कडकपणा वाटेल, पण पुढच्या नंबरवाल्याची रात्र वाया जाते तेव्हा त्याला विचारा.

शेवटी स्लाइस करून प्रिव्ह्यूचा सरकपट्टा भाल्याच्या उंचीवर आणा आणि वरून बघा. आधी तिथे एक इवलंसं कडं दिसत होतं, आता कड्याच्या आत दुसरं कडं दिसायला हवं. दिसलं तर प्रिंटला द्या. आणि मावळा आणखी लहान, ३०-४० मिमीचा हवा असेल तर भाला जाड करण्याचा नाद सोडा. तो मॉडेलमधून काढून टाका, मुठीत १.५ मिमीचं आरपार भोक ठेवा आणि प्रिंट झाल्यावर त्यात खराट्याची हीर खोवा.